मित्राच्या फोटोचं पोस्टर आणि वरची रिकामी जागा

आमच्या कट्ट्यावर एक मित्र आहे. त्याला कधीही फोन करा, उत्तर ठरलेलं: "पाच मिनिटांत पोचतो." तेव्हा तो बहुधा अंघोळीला निघालेला असतो. यंदा त्याची चाळिशी होती. वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा नाही, सिनेमाचं पोस्टर करायचं असं ठरलं. नावावर चर्चाच झाली नाही: 'पाच मिनिटांत पोचतो'. चित्रही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पहाटेची वेळ, धुकं, रिकामा एसटी स्टँड, आणि आमचा हिरो एकटाच उभा, चेहऱ्यावर जगाचं ओझं.

फोटो माझ्याकडे होता. चित्र बनवणारी एआयची साधनं आता फोनवरच असतात, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. सगळे टाकतात तसाच प्रॉम्प्ट मीही टाकला:

```
cinematic movie poster of this man, dramatic lighting, 8k, ultra realistic, empty space for title
```

चित्र पाहून सगळे हसले, पण ज्यासाठी हसायचं त्यासाठी नाही. वरच्या बाजूला काळे ढग, त्यात वीज, विजेशेजारी पौर्णिमेचा चंद्र. खाली सोनेरी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं, लांबून इंग्रजी वाटणारं आणि जवळून कुठल्याच भाषेतलं नसलेलं. चेहरा अर्धा निळा, अर्धा नारिंगी. आणि तो चेहरा मित्राचा नव्हताच, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या कुणा इसमाचा होता.

यातली प्रत्येक चूक प्रॉम्प्टमधल्या एकेका शब्दामुळे झाली होती. त्या शब्दांकडे एकेक करून पाहू.

पहिला शब्द 'पोस्टर'. या साधनांमागची मॉडेलं करोडो चित्रं आणि त्यांच्यासोबतचं वर्णन जोडीनं पाहून शिकलेली असतात. ज्या चित्रांच्या वर्णनात 'मूव्ही पोस्टर' असं लिहिलं होतं, त्या जवळपास सगळ्या चित्रांवर अक्षरं होती: वर नट, मध्ये नाव, तळाला बारीक अक्षरांत श्रेयनामावली. त्यामुळे पोस्टर म्हटलं की अक्षरंही मागोमाग येतात, बुंदीचं ताट मागितलं की शेजारी शेव येते तशी. 'अक्षरं नकोत' असं लिहावं, तर जुन्या आणि साध्या मॉडेलांना त्यातलं 'अक्षरं' कळतं आणि 'नकोत' निसटतं, कारण चित्रांच्या वर्णनात काय आहे तेच लिहिलेलं असतं, काय नाही ते सहसा कोणी लिहीत नाही. काही साधनांत नको त्या गोष्टींसाठी वेगळी सोय असते. मिडजर्नीत शेवटी `--no text` लिहितात, स्टेबल डिफ्युजनमध्ये नकारात्मक प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो. संवादातून चालणारी नवी साधनं नकार बऱ्यापैकी समजतात. तरी मी 'पोस्टर' हा शब्द शक्यतो टाळतो आणि 'चित्रपटातलं एक दृश्य, उभ्या चौकटीत' असं लिहितो. पोस्टर आपण करायचं आहे, मॉडेलकडून फक्त दृश्य घ्यायचं आहे.

रिकाम्या जागेचंही हेच होतं. 'नावासाठी जागा सोड' असं सांगितलं तर मॉडेलला मोकळी जागा दिसते, आणि मोकळ्या आकाशात त्यानं शिकताना जे जे पाहिलंय ते ते तो तिथे मांडतो. चंद्र, पक्षी, विजेच्या तारा, डोंगर. म्हणून रिकामेपणा मागू नये, तिथे काय भरायचं ते सांगावं. ज्यात स्वतःचे तपशील नसतात अशी एखादी वस्तू निवडायची: दाट धुकं, पावसाळी रात्रीचं एकसंध आभाळ, पोपडे नसलेली भिंत, संथ गडद पाणी. 'वरच्या एक तृतीयांश भागात दाट धुकं, वर जाताना काळं होत गेलेलं, त्यात दुसरं काहीही दिसत नाही' असं लिहिलं की मॉडेलच्या हाताला काम मिळतं आणि आपल्याला हवी ती जागा मिळते. जाहिरातीच्या धंद्यात अशा जागेला 'कॉपी स्पेस' म्हणतात आणि फोटोग्राफर ती मुद्दाम राखून फोटो काढतात. फ्लेक्सच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती जागा वाया गेल्यासारखी वाटते, हा भाग वेगळा. चार इंच मोकळे दिसले की तिथे 'शुभेच्छुक' म्हणून अकरा गोल फोटो बसलेच पाहिजेत.

जागा वर ठेवायची की खाली, हे दृश्यावर ठरतं. आमच्या दृश्यात खाली ओली फरशी होती, तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब पडणार, म्हणजे तिथे उजेड-काळोखाची गिचमिड. अशा जागेवर अक्षर वाचवत नाही. त्यामुळे नाव वर, माणूस खाली.

आता उजेड. 'ड्रामॅटिक लायटिंग' हा शब्द सगळे वापरतात, पण त्यातून दिवा कुठे आहे हे कळत नाही. मग मॉडेल सरासरी काढतं: एका बाजूनं निळा, दुसऱ्या बाजूनं नारिंगी, मागून पांढरा आणि सगळीकडून थोडा धूर. उजेडात नाट्य येतं ते त्याला एकच उगम आणि एकच दिशा असली की, आणि त्याहून जास्त येतं ते चेहऱ्याचा एक भाग अंधारात राहिला की. म्हणून प्रॉम्प्टमध्ये विशेषण लिहू नये, दिवा लिहावा. कोणता, कुठे, कोणत्या रंगाचा, आणि त्याचा उजेड कुठे पोचत नाही.

एसटी स्टँडवर हे सोपं होतं. जुन्या स्टँडवरचा सोडियमचा दिवा सगळ्यांनी पाहिलाय, त्याचा तो आजारी पिवळा-नारिंगी उजेड. तो डावीकडे वर, चौकटीच्या बाहेर ठेवला. बाहेर का, तर दिवा चित्रात आला की तो नावाच्या जागेतच लटकणार, आणि त्याच्याभोवती धुक्याचं वलय येऊन अर्धी जागा पांढरी होणार. धुक्याला निळसर-हिरवट छटा दिली. नारिंगी आणि निळसर-हिरवा हे रंगचक्रावर समोरासमोर येतात, आणि माणसाची कातडी, गोरी असो वा सावळी, नारिंगीच्याच बाजूला पडते. मागचं सगळं निळसर असलं की चेहरा आपोआप पुढे येतो. सिनेमात ही जोडी इतकी वापरली गेलीय की आता तिचा कंटाळा येतो, पण इथे निदान तिला कारण होतं: दिवा सोडियमचा आणि वेळ पहाटेची.

दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला साधारण पंचेचाळीस अंशांवर आणि डोळ्यांच्या बराच वर असला की नाकाची सावली पलीकडच्या गालावर पडते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण राहतो. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रँट या डच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांवरून फोटोग्राफर याला त्याचंच नाव देतात. हा त्रिकोण पडताळणीच्याही कामी येतो. तो दिसला तर दिवा जागेवर आहे. तो नसून दोन्ही गाल सारखेच उजळ असतील, तर मॉडेलनं आपलं ऐकलेलं नाही.

पाठीमागून एक बारीक उजेडही मागावा, नाहीतर काळे केस आणि गडद शर्ट मागच्या काळोखात विरघळून जातात आणि हवेत तरंगणारा चेहरा तेवढा उरतो. आमच्याकडे त्यासाठी लांब उभ्या असलेल्या एसटीचे हेडलाइट होते. खांद्याच्या आणि केसांच्या कडेला एक फिकट रेघ आली की पुरे.

`8k` आणि `ultra realistic` या शब्दांनी चित्राचे पिक्सेल वाढत नाहीत. चित्र किती मोठं येणार हे साधन ठरवतं. या शब्दांनी फक्त त्वचा तुकतुकीत होते आणि सगळं काचेसारखं दिसायला लागतं. काढून टाकले तरी काही बिघडत नाही, उलट मित्र थोडा माणसात येतो.

चेहऱ्याचं प्रकरण सगळ्यांत नाजूक, कारण बाकी काहीही चुकलं तरी चालतं, पण पोस्टरवर मित्र ओळखू आला नाही तर सगळी मेहनत फुकट. मॉडेल आपल्या फोटोतला चेहरा कापून चिकटवत नाही, तो पाहून नव्यानं रंगवतं. स्टेबल डिफ्युजनचं उदाहरण घेऊ, कारण त्याची आतली रचना उघड आहे. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र आत ६४ बाय ६४ घरांच्या जाळीत आवळून त्यावर काम करत, म्हणजे आठ पिक्सेलांना एक घर. चित्रात चेहऱ्याची रुंदी ८० पिक्सेल असेल तर आत त्याच्या रुंदीला दहाच घरं आली. दहा घरांच्या रुंदीत दोन डोळे, नाक, आणि मित्राच्या डाव्या भुवईवरची ती लहानपणीची खूण कशी मावणार? मग मॉडेल अंदाजानं सरासरी चेहरा काढतं. नव्या मॉडेलांची क्षमता वाढली आहे, तरी लहान चेहरा आधी बिघडतो हा अनुभव अजूनही येतो. म्हणून धुक्यात लांबवर उभा असलेला एकटा जीव ही कल्पना कितीही मोहक असली तरी सोडून द्यावी लागते. कमरेपासून वरचा माणूस घ्यावा.

फोटो निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. चेहरा मोठा आणि समोरून किंवा किंचित वळलेला असावा, गॉगल-टोपी नसावी. उजेड सौम्य असावा, खिडकीजवळचा किंवा ढगाळ दिवसाचा. भर दुपारच्या उन्हातल्या फोटोत नाकाखाली काळी सावली आधीच छापलेली असते, आणि आपण डावीकडून दिवा लावला तरी ती तशीच राहून घोळ घालते. आणि भाव आधीच गंभीर असावा. हसऱ्या फोटोवरून गंभीर चेहरा मागितला की गाल, डोळे, ओठ सगळंच नव्यानं रचलं जातं आणि तिथेच ओळख हरवते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो वाटेतच आक्रसून येतो. आणि हो, मित्राला विचारा. त्याचा चेहरा कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर चढणार आहे. पोस्टर हवं तर गुपित ठेवा, पण फोटो असा वापरतोय एवढं सांगून होकार घ्यायला काय जातं?

या सगळ्यातून जो प्रॉम्प्ट उतरला तो असा. संवादातून चालणाऱ्या साधनांना मराठी चांगलं कळतं, त्यामुळे भाषांतराचा खटाटोप केला नाही.

```
सोबतच्या फोटोतला माणूस तोच ठेव: चेहऱ्याची ठेवण, त्वचेचा रंग,
मिशी, भुवईवरची खूण बदलू नको. वय कमी करू नको.

चित्रपटातलं दृश्य, उभी चौकट, 2:3. पहाटेचा रिकामा एसटी स्टँड.
तो कमरेपासून वर दिसतो, चौकटीच्या खालच्या दोन तृतीयांशात,
किंचित उजवीकडे. नजर डावीकडे, चौकटीबाहेर.

एकच मुख्य उजेड: नारिंगी सोडियम दिवा, डावीकडे वर, चौकटीबाहेर.
चेहऱ्याची उजवीकडची बाजू बरीचशी अंधारात. मागे लांबवर बसचे
अंधुक हेडलाइट, त्यांची बारीक कड केसांवर आणि खांद्यांवर.

वरचा एक तृतीयांश भाग: दाट निळसर धुकं, वर जाताना काळं होत
गेलेलं, एकसंध. त्यात कोणतीही वस्तू किंवा अक्षर नाही.
```

क्रम मी मुद्दाम असा ठेवतो: आधी माणूस, मग चौकट, मग उजेड, शेवटी जागा. डावी-उजवी लिहिताना ती चित्र पाहणाऱ्याची की चित्रातल्या माणसाची, हा गोंधळ मॉडेललाही होतो. म्हणून 'त्याचा उजवा गाल' असं न लिहिता 'चेहऱ्याची उजवीकडची बाजू' म्हणतो, आणि तरीही उलटं आलं तर ते मान्य करून पुढे जातो. फक्त नजर उजेडाकडे असली पाहिजे. अंधाराकडे पाहणारा माणूस वेगळ्याच प्रकारच्या सिनेमातला वाटतो.

यातून चार चित्रं काढली. एकात धुक्यात पुन्हा चंद्र उगवला. दुसऱ्यात स्टँडच्या पाटीवर अगम्य अक्षरं आली, कारण स्टँड म्हटलं की पाटी आलीच. तिसरं जवळपास हवं तसं होतं, पण माणूस वर सरकला होता आणि डोकं नावाच्या जागेत घुसलं होतं. चौथ्यात मिशीच गेली होती.

मी तिसरं घेतलं आणि इथे एक चूक केली. 'थोडा खाली सरकव' म्हटलं, मग 'धुकं वाढव', मग 'शर्टाचा रंग गडद कर'. दर खेपेला मॉडेल आधीच्या चित्रावरून अख्खं चित्र नव्यानं काढतं, चेहऱ्यासकट, आणि दर खेपेला चेहरा केसभर सरकतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. पाचव्या फेरीला समोर मित्राचा चुलतभाऊ उभा होता. तेव्हा दुरुस्त्या एकामागून एक करू नका. चूक लक्षात आली की प्रॉम्प्टमध्ये बदल करा आणि मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करा. एखादी वस्तू नुसती पुसायची असेल, जसा तो चंद्र, तर फोनमधल्या फोटो एडिटरच्या खोडरबरानं पुसा. तो तेवढ्याच भागाला हात लावतो.

माणूस वर सरकायचा प्रश्न मात्र शब्दांनी सुटला नाही. मॉडेलला 'एक तृतीयांश' हे माप नीट कळत नाही, त्याला चेहरा मध्यावर ठेवायची सवय असते. मग जुनी युक्ती केली. कॅनव्हामध्ये २:३ ची कोरी राखाडी चौकट घेतली, मित्राचा फोटो कापून तिच्यात खाली, मला हव्या त्या जागी ठेवला, आणि ते सगळं एक चित्र म्हणून साधनाला दिलं. सांगितलं की माणूस आहे तिथेच आणि त्याच आकाराचा ठेव, राखाडी भाग भर, वर फक्त धुकं. पहिल्याच खेपेला जमलं. जागा सांगण्यापेक्षा दाखवली की ती लवकर कळते. आता मी सुरुवातच इथून करतो.

नाव मॉडेलकडून लिहून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रोमन अक्षरं आता ही साधनं बऱ्यापैकी काढतात, देवनागरीत अजून गडबडतात. वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ होते, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षर तुटतं. 'मिनिटांत'चं 'मिनटीत' झालं तर विनोदाचा विनोद व्हायचा. शिवाय तयार चित्रात मिसळलेलं अक्षर नंतर हलवता येत नाही. मोकळं धुकं ठेवलं की नाव आपल्या हातात राहतं.

देवनागरीला उंची जास्त लागते, हे जागा ठरवतानाच लक्षात घ्यावं. इंग्रजीत सगळी अक्षरं कॅपिटल केली की वर-खाली सपाट पट्टी मिळते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. 'पाच मिनिटांत' एका ओळीत आणि 'पोचतो' दुसऱ्या ओळीत मोठं, असं मांडलं तेव्हा 'पोचतो'मधल्या मात्रा वरच्या ओळीच्या पायात अडकत होत्या. ओळींतलं अंतर वाढवलं, तर खालची ओळ डोक्याला टेकली. शेवटी 'पोचतो' थोडं लहान करून उजवीकडे सरकवलं, जणू तेही उशिरा आलंय. मोफत फॉन्टपैकी 'मुक्त' नावाचा फॉन्ट मला साधा आणि जाड हवा असतो तेव्हा आवडतो. पण इथे यात्रा वन घेतला, कारण त्याची अक्षरं मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेली आहेत. एसटीच्या पोस्टरला रेल्वेचं अक्षर हे बरोबर नाही, असं एकानं सुनावलं. चालायचंच.

अक्षराचा रंग शुद्ध पांढरा ठेवला की ते चित्रावर डकवल्यासारखं दिसतं. चित्रातल्याच दिव्याचा फिका पिवळा रंग उचलून दिला की ते त्याच उजेडात आल्यासारखं वाटतं. वाचता येतंय का हे पाहायला चित्र कृष्णधवल करून हात लांब धरून बघा. अक्षर आणि मागचं धुकं एकाच राखाडीत गेले, तर रंग कितीही वेगळे असोत, फरक पुरेसा नाही.

शेवटी छपाई. साधनाकडून चित्र मिळालं १०२४ बाय १५३६ पिक्सेलचं. फोटो लॅबमध्ये १२ बाय १८ इंचाची प्रत काढली तर इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल येतात. हातात धरून पाहायच्या छपाईला ३०० लागतात, भिंतीवरच्या पोस्टरला १५० चालून जातात, म्हणजे १८०० बाय २७०० पिक्सेल. चित्र मोठं करणारं अ‍ॅप वापरावं लागतं, पण तेही काही वेळा तपशील मनानं घालतं, म्हणून मोठं केल्यावर चेहरा मूळ फोटोशेजारी ठेवून डोळे आणि ओठांच्या कडा पुन्हा ताडून पाहायच्या. आणि नाव टाकायचं ते मोठं केल्यानंतरच, म्हणजे अक्षरांच्या कडा कोऱ्या राहतात. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं, आणि अ‍ॅपनं 'मिनिटांत'वरच्या अनुस्वाराला धूळ समजून पुसून टाकलं.